धर्माची जात कशी केली जाते
(जुन्नर तालुक्यातील एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आम्ही तुमच्यापुढे एका शब्दापासून सुरुवात करणार आहोत. तो शब्द नवा नाही. तुमच्या-आमच्या तोंडी रोज असतो. तो शब्द म्हणजे ‘जात’. कुणब्याची जात, माळ्याची जात हे आपण म्हणतोच. पण ‘मुसलमान जात’ हेही आपण सहज म्हणून जातो, आणि रागावलो म्हणजे ‘ती जातच तशी’ असेही म्हणतो. आता ह्यात एक घोटाळा आहे. जात म्हणजे जन्माने येते ती. धर्म म्हणजे माणूस धारण करतो तो. जे धारण केले ते सोडताही येते, बदलताही येते. जन्म मात्र कोणास बदलता येत नाही. मग धर्माला जात म्हटले म्हणजे काय झाले? माणसाने मनाने धरलेली गोष्ट आपण त्याच्या रक्तात नेऊन टाकली.

विद्वान लोकांनी ह्या क्रियेला नाव दिले आहे. ते तिला वांशिकीकरण म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ शेतकऱ्याला चटकन कळेल. आपल्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात डांगी बैल असतो. धो धो पावसात तो चिखलणीला टिकतो, कारण त्याच्या कातडीला तेलकटपणा आहे. तिकडे देशावरचा खिल्लार उंच, चपळ, शिंगे लांब. हे दोन वंश आहेत. डांगी बैलाने कितीही मनावर घेतले तरी तो खिल्लार होणार नाही, आणि त्याच्या गोऱ्ह्यात कोणते गुण उतरतील ते तुम्ही आधी सांगू शकता. वांशिकीकरण म्हणजे माणसांच्या एखाद्या धर्मसमाजाकडे ह्या नजरेने पाहणे: हे सगळे एका खाणीचे, ह्यांचे गुण जन्मजात, एक पाहिला म्हणजे सगळे पाहिले.

ही नजर पूर्वीपासून अशीच होती, असे कोणी म्हणेल. म्हणून आम्ही आपल्या जुन्नरातलीच गोष्ट सांगतो. सन १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि जुन्नरास आला. पावसाळा लागला म्हणून तो दोन महिने येथेच राहिला. सगळीकडे पाणी आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. जुन्नरचा पाऊस ज्याने पाहिला त्याला हे पटेल. तेव्हा येथे बहामनी सुलतानाचा असदखान नावाचा अंमलदार होता. हा मनुष्य मुसलमान नाही, हे कळताच खानाने त्याचा घोडा दाबून ठेवला आणि निरोप धाडला: आमच्या धर्मात ये, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो, न येशील तर घोडा जाईल आणि हजार मोहरांचा दंडही भरावा लागेल. चार दिवसांची मुदत दिली. निकितिनाचे दैव बलवत्तर. खुरासानचा एक मुसलमान गृहस्थ, महंमद नावाचा, तेथे आला, त्याने खानापाशी रदबदली केली आणि घोडा व धर्म दोन्ही सोडवून दिले.

खानाची ही वागणूक जुलमाची होती ह्यात शंका नाही. पण तिच्यातला एक भाग नीट पाहा. खानाच्या डोक्यात धर्म ही बदलता येणारी वस्तू होती. गोऱ्या कातडीचा, परक्या देशाचा, परक्या बोलीचा मनुष्य उद्या कलमा पढला असता तर खानाच्या लेखी तो आपला झाला असता. रक्ताचा प्रश्नच नव्हता. आणि त्याला सोडवणाराही मुसलमानच निघाला.

त्या काळी रक्ताची आणि देशाची भांडणे नव्हती असे नाही. ती होती, पण धर्माच्या रेघेवर नव्हती. बहामनी दरबारात दखनी आणि परदेशी असे दोन तट होते. दोन्हीकडचे पुढारी मुसलमानच. एक येथलाच मुरलेला, दुसरा इराण-तुराणातून नवा आलेला. ह्यांचे वैर इतके विकोपाला गेले की पंधराव्या शतकाच्या मध्यास शेजारच्या चाकणच्या किल्ल्यापाशी दखन्यांनी परदेशी सरदारांची मोठी कत्तल घडवून आणली. मुसलमान म्हणजे एकच वंश, असे त्या दिवशी चाकणात कोणी म्हटले असते तर दोन्ही तटांनी त्याला वेड्यात काढले असते.

पुढे १४९० मध्ये मलिक अहमदाने येथूनच स्वतंत्र राज्याचा झेंडा उभारला. तीच निजामशाही, अहमदनगर शहर मागाहून वसले. हा मलिक अहमद कोणाचा मुलगा? फरिश्ता ह्या जुन्या इतिहासकाराने लिहिले आहे की त्याचा बाप मूळचा ब्राह्मण, आणि त्या घराण्याकडे पूर्वी पाथरीचे कुलकर्णीपण होते. म्हणजे निजामशाहीचा मूळ पुरुष रक्ताने पाहिला तर आपल्या गोदाकाठच्या कुळकर्ण्यांपैकी. पुढे हीच निजामशाही ज्याने सावरून धरली आणि काही वर्षे जुन्नरात तिची गादी ठेवली तो मलिक अंबर हबशी होता. आफ्रिकेत जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, आणि १६२६ मध्ये मेला तेव्हा मोंगलांना दखनात त्याच्याएवढा दुसरा शत्रू नव्हता. त्याच्या फौजेत मराठे बारगीर होते. आता सांगा, कुळकर्ण्याचा वंशज, काळा हबशी आणि गोरा खुरासानी ह्या तिघांना एक वंश कसा म्हणावयाचा? त्यांच्यात एकच गोष्ट समान होती: नमाज.

ही झाली राजेरजवाड्यांची गोष्ट. आपल्याला त्याहून आपल्या पेठेतल्या लोकांचे काम आहे. जुन्नरात पूर्वी हाताने कागद बनत असे आणि तो बनवणारे मुसलमान कागदी होते. तांबोळी पान विकी, पिंजारी कापूस पिंजी, मोमीन माग चालवी, बागवान फळे-भाजी विकी, आतार, मण्यार, नालबंद, शिकलगार आपापला धंदा करीत. इंग्रज सरकारने कॅम्बेल साहेबाच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर काढले, त्यातला पुणे जिल्ह्याचा भाग १८८५ मध्ये छापला गेला. त्यात ह्या सगळ्यांची वेगवेगळी नोंद आहे. ह्यांतले पुष्कळसे येथल्याच हिंदू जातींतून धर्म बदलून आलेले, असे तोच ग्रंथ सांगतो. घरात हिंदुस्थानी बोलतात, बाहेर मराठी बोलतात; काहीजण हिंदू देवांना नवस करतात; आपसात सोयरिक धंद्यापुरती करतात. म्हणजे सगळी चालरीत तुमच्या-आमच्या बलुत्या-अलुत्यांसारखी.

पण त्याच ग्रंथात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती आम्हास फार लक्षात घेण्याजोगी वाटते. प्रत्येक जमातीच्या नोंदीत तिची अंगलट लिहिली आहे. हे लोक उंच किंवा मध्यम, बांध्याने असे, रंगाने सावळे किंवा गव्हाळ, दाढी अशी, स्वभावाने उद्योगी किंवा आळशी, नेटके किंवा गलिच्छ. हिंदू जातींचेही असेच लिहिले आहे. बाजारात बैलाचे वर्णन करावे तसे हे माणसांचे वर्णन! स्वभाव हा एकेकट्या माणसाचा असतो, सबंध पेठेचा नसतो, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आले नाही.

ह्याच्याही पुढची पायरी रिस्ले साहेबाने गाठली. १९०१ च्या खानेसुमारीचा हा मुख्य अधिकारी. त्याची श्रद्धा अशी की माणसाचा वंश नाकावरून कळतो. नाकाची रुंदी मोजावी, उंची मोजावी, रुंदीला शंभराने गुणून उंचीने भागावे. उत्तर सत्तरच्या खाली आले तर नाक धारदार, पंचाऐंशीच्या वर गेले तर नाक बसके. ह्या हिशेबाने त्याने सबंध हिंदुस्थानचे वंश पाडले आणि आपल्या इकडचे ब्राह्मण व कुणबी ह्यांस मिळून शक-द्राविड असे नाव दिले. समाजात मान जितका मोठा तितके नाक अरुंद, असा नियमच त्याने सांगितला. पुढे आपल्याच मुलखातले पंडित गो. स. घुर्ये ह्यांनी १९३२ मध्ये ती मापे पुन्हा तपासली. एक उत्तरेचा प्रांत सोडला तर हा नियम कोठे लागूच पडत नाही, असे त्यांना आढळले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये घुर्यांची तीच मापे हातात घेऊन दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य ह्यांचा वंश वेगळा ठरत नाही. अलीकडे तर नाकाची पट्टी गेली आणि रक्तातल्या अनुवंशाची तपासणी आली. तिच्यातही हेच निघते की हिंदुस्थानचा मुसलमान बहुतांशी आपल्या शेजारच्या बिगर-मुसलमानाचाच रक्ताचा नातलग आहे.

मग पट्टी खोटी ठरली तरी नजर का गेली नाही? कारण तिला मोजमापाची गरजच नसते. ह्याचा सर्वात भयंकर दाखला जर्मनीचा आहे. हिटलरच्या सरकारने १९३५ मध्ये यहुदी लोकांविरुद्ध रक्ताच्या नावाने कायदे केले. धर्म कोणता ते आम्ही विचारत नाही, आम्ही वंश पाहतो, असा त्यांचा डौल. पण यहुदी ओळखावयाचा कसा, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्या पंडितांना रक्तात काही सापडेना. शेवटी नियम केला: ज्याचे चार आजी-आजोबांपैकी तीन यहुदी, तो यहुदी. आणि आजोबा यहुदी हे कशावरून? तर तो यहुदी धर्मसमाजाचा सभासद होता ह्यावरून! म्हणजे फिरून फिरून धर्माचेच दप्तर उघडावे लागले. आजोबाने ज्या देवाची प्रार्थना केली ती नातवाचे रक्त ठरली. नातू ख्रिस्ती झालेला असो की देव न मानणारा असो, त्याला सुटका नव्हती. निकितिनाला खानाने निदान चार दिवस दिले होते. येथे एक दिवसही नव्हता, कारण बदलण्याजोगे काही ठेवलेच नव्हते.

ह्यावरून ओळखण्याची खूण सापडते. कोणी म्हणाला, तुमच्या ग्रंथातले अमुक वचन अन्यायाचे आहे, तर तो धर्माशी वाद घालतो आहे. त्याला उत्तर देता येते, त्याचे म्हणणे मान्य करता येते, किंवा तो धर्म सोडताही येतो. असा वाद कडक असला तरी तो वांशिकीकरण नव्हे. जोतिरावांनी पोथ्यांवर कोरडे ओढले ते ह्याच प्रकारचे. पण कोणी म्हणाला, तुम्ही मुळातच तसे, तर त्याला उत्तरच नाही. तेथे माणसाचे मत, आचरण, कमाई काही मोजले जात नाही. नाव ऐकले, दाढी पाहिली, की हिशेब संपला. पाचशे वर्षांपूर्वीच्या सुलतानाची बाकी आजच्या पिंजाऱ्याच्या नावावर मांडली जाते, जणू सुलतानाच्या जामदारखान्यात त्याच्या पणज्याचा वाटा होता. आपल्यातला कोणी चोरी करतो तेव्हा आपण त्या एकाचे नाव घेऊन शिव्या देतो. त्यांच्यातला कोणी करतो तेव्हा सगळ्यांचे नाव घेतो. हा फरक कोठे दिसला की समजावे, धर्माची जात झाली.

आता आम्ही जे बोलणार ते आपल्याच घरचे आहे. आपल्या चळवळीची मुळे ह्या तालुक्यात खोल आहेत. ओतूरच्या पाटील मंडळींनी सत्यशोधक पद्धतीने भटाशिवाय लग्ने लावली आणि जोशांनी त्यांना कोर्टात खेचले, हे तुम्ही वाडवडिलांकडून ऐकले असेल. ती लढाई हक्काची होती, पोथीच्या मक्त्याविरुद्ध होती. पण त्याच चळवळीत एक दुसरी भाषाही होती. युरोपातल्या पंडितांनी आर्य वंशाची कल्पना काढली. टिळकांसारख्यांनी ती मोठेपणासाठी घेतली. जोतिरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ती उलटी करून मारली: ब्राह्मण हे इराणातून आलेले परके लोक, आणि आपण येथले मूळचे. शत्रूचे हत्यार शत्रूवरच चालवले, त्याला त्या वेळी कारण होते. तथापि हत्यार वंशाचेच होते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये शूद्रांवरील आपल्या ग्रंथात आर्य वंशाचा हा सिद्धांतच मुळात खोटा म्हणून टाकून दिला, तो उगाच नव्हे.

ह्या हत्याराची धार कशी असते ते १९४८ मध्ये दिसले. ३० जानेवारीस गांधीजींचा खून झाला. मारणारा नथुराम गोडसे. त्याचे आडनाव कळताच सातारा, सांगली, कोल्हापूरकडे खेडोपाडी ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ह्या घरचा मनुष्य गांधींना मानणारा की न मानणारा, हे दाराशी आलेल्या जमावाने विचारले नाही. आडनाव पुरेसे होते. भटशाहीला विरोध करणाऱ्या कित्येकांना तेव्हा हे योग्यच वाटले असेल. आम्हास ते योग्य वाटत नाही, आणि ह्या व्यासपीठावरून ते सांगणे आम्ही आपले काम समजतो. कारण जो न्याय आपण पिंजाऱ्यासाठी मागतो तो कुळकर्ण्याला नाकारला तर आपल्याजवळ उरते काय?

शिवाय जोतिरावांपाशी दुसरा विचारही होता, आणि आमच्या मते तोच त्यांचा शेवटचा व मोठा विचार होय. त्यांच्या मरणानंतर १८९१ मध्ये छापलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे. त्या घरातली बाई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झाली तर खुशाल व्हावे. नवरा बायबल वाचून ख्रिस्ती झाला तर व्हावे. मुलीला कुराण पटले तर तिने मुसलमान व्हावे. मुलाने सत्यधर्म पाळावा. आणि चौघांनी एका घरात प्रेमाने नांदावे. मंडळी, ह्या घराला वंश कोणता म्हणाल? रक्त एक, धर्म चार. धर्माची जात करणाऱ्याला हे घर कोणत्या रकान्यात घालावे तेच कळणार नाही.

रकान्याचे नाव निघाले, तेव्हा आम्हा मास्तर लोकांच्या हातातल्या दप्तराबद्दल सांगून आम्ही संपवितो. शाळेच्या जनरल रजिस्टरात धर्माचा आणि जातीचा रकाना असतो. जुन्या रजिस्टरांत कुणब्याच्या मुलापुढे ‘कुणबी’, तेल्याच्या मुलापुढे ‘तेली’ असे लिहिलेले सापडते. तांबोळ्याच्या किंवा पिंजाऱ्याच्या मुलापुढे मात्र पुष्कळदा नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. त्या वेळच्या मास्तराच्या मनात काही काळेबेरे होते असे नव्हे. त्याला वाटले, मुसलमान हीच जात. एका शब्दात त्याने धर्माचा रकाना जातीच्या रकान्यात ओतला, आणि बापाचा, आज्याचा धंदा पुसला गेला.

आज त्याची किंमत पणतू भरतो आहे. तांबोळी, पिंजारी, मोमीन, बागवान ह्या जमाती महाराष्ट्र सरकारच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत; त्या धंद्यावरून आहेत, धर्मावरून नव्हे. दाखला काढावयाचा तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा मागतात. मुलगी शाळा सोडल्याचा आजोबांचा दाखला घेऊन जाते, त्यावर ‘मुसलमान’ एवढेच. कचेरीतला कारकून म्हणतो, ह्यावरून जात सिद्ध होत नाही. शिष्यवृत्ती थांबते, प्रवेश थांबतो. ही अडचण तुम्हास नवी वाटू नये. २०२३ पासून न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने तुमच्यापैकी किती जणांनी ‘कुणबी’ एवढा एक शब्द शोधण्यासाठी तहसिलीतली दप्तरे उलथीपालथी केली! त्याच दप्तरांत ह्यांचाही शब्द असतो.

म्हणून ज्यांच्या शेजारी असे घर असेल त्यांनी त्यांना इतके सांगावे. एका शाळेच्या दाखल्यावर थांबू नका. गाव नमुना नंबर चौदा म्हणजे जन्ममृत्यूची कोतवालाची नोंदवही पाहा. तिच्यात कित्येक वेळा धंद्याची जात स्पष्ट सापडते. जुनी खरेदीखते, गहाणखते पाहा. सावकाराचा लेखनिक ‘अमुक तमुक तांबोळी, राहणार जुन्नर’ असे बारकाईने लिही, कारण त्याला पैसे वसूल करावयाचे असत. आजोबांच्या दाखल्यात नसेल तर चुलत आजोबांच्या, आत्याच्या दाखल्यात पाहा, आणि नाते जुळवणारी वंशावळ सोबत जोडा. गृहचौकशीला माणूस आला तर पेठेतल्या जुन्या हिंदू शेजाऱ्याने पुढे होऊन सांगावे, ह्यांचा बाप आमच्या दारी पाने देत होता, आम्ही पाहिले आहे. आणि आम्हा मास्तरांपैकी जे येथे बसले आहेत त्यांनी नवीन मुलाचे नाव घालताना बापाला दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे, धर्म कोणता आणि जात कोणती, आणि तो सांगेल ते ज्या त्या रकान्यात लिहावे.